हेडफोन जॅक गेला, पण तुमचा टाइप-सी ॲडॉप्टर का चालत नाही?

जुन्या फोनसोबत आलेला टाइप-सी ॲडॉप्टर नव्या फोनला लावला, इअरफोन जोडला, तरी गाणं फोनच्या स्पीकरवरच वाजतंय? लगेच ॲडॉप्टर फेकू नका. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, फक्त वेगळ्या प्रकारचा असतो.

जॅक काढला कशासाठी?

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमी जॅक काढला. कारण सांगितलं जागेचं: जॅक आत बराच खोल जातो आणि बॅटरी, कॅमेऱ्याची जागा खातो. हे खरंच आहे. पण त्याच कार्यक्रमात वायरलेस एअरपॉड्सही आले, हे विसरून चालणार नाही. ‘पाण्यापासून बचाव’ हे कारण मात्र फारसं टिकत नाही, कारण त्याच वर्षीचा सॅमसंग गॅलेक्सी एस७ जॅक असूनही वॉटर-रेझिस्टंट होता. गूगलने २०१६ च्या पिक्सेलच्या जाहिरातीत जॅक असल्याचं मिरवलं आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून तो काढून टाकला!

दोन ॲडॉप्टर, दिसायला सारखेच

फोनमधलं गाणं डिजिटल असतं. इअरफोनला मात्र ॲनालॉग सिग्नल लागतो. हे रूपांतर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. प्रश्न एवढाच, की ही चिप कुठे आहे?

काही फोन आपल्या आतल्या डॅकमधला ॲनालॉग आवाज थेट टाइप-सी पोर्टमधून बाहेर देतात. त्यांना साधा ॲडॉप्टर पुरतो, कारण त्यात फक्त वायरी असतात. पिक्सेलसारखे फोन पोर्टमधून फक्त डिजिटल सिग्नल देतात. त्यांना ॲडॉप्टरमध्येच डॅक लागतो. अशा फोनला साधा ॲडॉप्टर लावला, तर इअरफोनमध्ये काहीच ऐकू येत नाही.

ओळखायचं कसं?

ॲडॉप्टर टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावा आणि साउंड सेटिंगमधली आउटपुटची यादी बघा. तिथे नवीन डिव्हाइस दिसलं, तर ॲडॉप्टरमध्ये डॅक आहे. काहीच दिसलं नाही, तर तो बहुधा साधा आहे.

डॅक असूनही आवाज येत नसेल, तर फोनमध्ये ओटीजी सुरू आहे का ते तपासा. ओप्पो, रिअलमीच्या अनेक फोनमध्ये ते सेटिंगमधून स्वतः चालू करावं लागतं, आणि काही वेळ न वापरल्यास आपोआप बंदही होतं. काल चाललेला ॲडॉप्टर आज ‘मेला’ असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

नवीन घेताना बॉक्सवर ‘डॅक’चा उल्लेख शोधा. डॅकवाला ॲडॉप्टर जास्त फोनवर चालतो. एक अडचण मात्र उरतेच: पोर्ट एकच असल्याने गाणी ऐकताना वायरने चार्जिंग करायचं असेल, तर दोन्ही सोयी असलेला डोंगल घ्यावा लागेल.