ठिबकाचे अनुदान : टक्क्यांआधी क्रम समजावा

ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे पत्रक शेतकऱ्यास वाचून दाखविताना ग्रामसेवक बहुधा टक्क्यांपासून आरंभ करतात. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस 55 व इतरांस 45 टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानाने हेच प्रमाण अनुक्रमे 80 व 75 टक्क्यांपर्यंत जाते. हे ऐकताच शेतकरी दुकानाची वाट धरतो, आणि येथेच चूक घडते. पूर्वसंमतीपूर्वी केलेल्या खरेदीचे बिल अनुदानास चालत नाही; तेव्हा प्रथम क्रम सांगावा हेच इष्ट होय.

घोडबंदर येथील एखादा भाजीपाला पिकविणारा शेतकरी घेऊ. त्याची जमीन 0.80 हेक्टर, म्हणजे तो अत्यल्प भूधारक. मात्र हे सात-बाऱ्यावरून नव्हे, तर सर्व जमीन एकत्र दाखविणाऱ्या आठ-अ उताऱ्यावरून ठरते. या भागात नगर वाढल्याने पुष्कळ जमिनी बिनशेती झाल्या आहेत. शेतीचा सात-बारा उरला नसेल तर अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. उतारा सामाईक असल्यास सहहिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच घ्यावे, कारण भाऊबंद शहरात विखुरलेले असले की सर्वांत अधिक विलंब याच कागदास लागतो. आधाराशी जोडलेले बँक खाते, शेतकरी ओळख क्रमांक व पाण्याच्या साधनाची नोंद ही तयारीही हवी.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो. निवडीचा संदेश म्हणजे मंजुरी नव्हे. त्यानंतर कागद चढवावयाचे, ते तपासले जातात व मग पूर्वसंमतीपत्र मिळते. त्या पत्राच्या तारखेनंतरच, व त्यात दिलेल्या मुदतीत, नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घेऊन बसवावा आणि बिल चढवावे. पुढे कृषी खात्याचा कर्मचारी शेतावर येऊन नळ्यांची लांबी, त्यांतील अंतर व क्षेत्र बिलाशी ताडून पाहतो. बिलात 0.80 हेक्टर व शेतात 0.60 भरले, तर तक्रार करण्यास जागा राहत नाही.

रक्कम विक्रेत्याच्या बिलावर नव्हे, शासनाने ठरविलेल्या खर्चमर्यादेवर मोजली जाते. समजा, त्या क्षेत्रास मर्यादा 40,000 रुपये व बिल 46,000 रुपये झाले. 40,000 चे 80 टक्के, म्हणजे 32,000 रुपये अनुदान. उरलेले 14,000 शेतकऱ्याचे. ‘वीस टक्केच भरावयाचे’ ही समजूत येथे खोटी ठरते. शिवाय अनुदान तपासणीनंतर खात्यात येते, म्हणून तूर्त 46,000 रुपयांची सोय त्यालाच करावी लागेल. हे त्यास अर्जापूर्वीच सांगणे ग्रामसेवकाचे कर्तव्य आहे, मग तो अर्ज न करण्याचे ठरवो.

वसईच्या खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मात्र खरेदीपूर्वी तपासून घ्यावे. क्षारांनी तोट्या बुजल्या तर संच निकामी होतो, आणि अनुदान एकदा घेतलेल्या क्षेत्रास ते पुन्हा सात वर्षांपर्यंत मिळत नाही.