‘नको’चे दोन अर्थ

मंगळवारी संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. या आठवड्यात तिथे ऐकलेलं एक वाक्य अजून मनातून जात नाही.

वर्गातल्या एक ताई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काउंटरवर बसतात. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीसाठी एक तमिळभाषक आजोबा येणार होते. या तपासणीला उपाशी यावं लागत नाही. ताईंनी मोबाइलवर कळवलं, ‘यू मस्ट नॉट कम फास्टिंग.’ आजोबांचा त्या दिवशी उपवास होता. निरोप वाचून त्यांनी तो मोडला आणि खाऊन आले. ताई रडवेल्या झाल्या होत्या. ‘सर, मी तर गरज नाही एवढंच सांगितलं होतं!’

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ होकारात शेजारी असतात, नकारात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘डोंट हॅव टू’ म्हणजे मोकळीक.

ताईंची चूक मला आपल्या ‘नको’त सापडली. ‘उद्या लवकर यायला नको’ म्हणजे गरज नाही. ‘अंधारात एकटीने जायला नको’ म्हणजे जाऊ नये. मराठीत प्रसंगावरून अर्थ कळतो, इंग्रजीत आधीच निवड करावी लागते. शाळेत ‘पाहिजे म्हणजे मस्ट’ पाठ केलेला माणूस त्यालाच ‘नॉट’ जोडतो आणि फसतो.

म्हणून नव्वद मिनिटांचा पाठ मी नव्याने आखला. पहिली पंधरा मिनिटं इंग्रजी बंद. ‘नको’ची दहा वाक्यं घ्यायची आणि प्रत्येकात ‘नका’ बसतं की ‘नाही केलंत तरी चालेल’ बसतं, ते ठरवायचं. पुढची वीस मिनिटं ज्याच्या त्याच्या कामावरच्या सूचना इंग्रजीत लिहायच्या. मग अर्धा तास जोडीने संवाद. ऐकणाऱ्याने भाषांतर करायचं नाही. त्याने एवढंच सांगायचं, ‘मी तरीही तसं केलं तर काय होईल?’ ‘तुम्ही रागवाल’ असं उत्तर आलं तर वाक्य मनाईचं. ‘काहीच नाही’ आलं तर मोकळिकीचं. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ पोचला की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.

उरलेली पंचवीस मिनिटं परवानगीला. तिथे एक गोष्ट हमखास अडते. ‘कुड आय लीव्ह अर्ली?’ याला वर्ग ‘येस, यू कुड’ म्हणतो. विचारताना ‘कुड’ने आर्जव येतं, पण देणाऱ्याने ‘यू कॅन’ म्हणायचं. ‘कुड’ म्हटलं तर परवानगी मिळाली की नुसती शक्यता सांगितली, ते समजत नाही.

शेवटी ताईंनी तो निरोप पुन्हा लिहिला. ‘यू डोंट हॅव टू कम फास्टिंग.’ त्याखाली स्वतःहून जोडलं, ‘यू कॅन ईट, ऑर नॉट ईट.’ मोकळीक दोन्ही बाजूंनी सांगितली की वाचणाऱ्याला चुकायला जागा उरत नाही. माझ्या पाठात हे नव्हतं. पुढच्या मंगळवारपासून आहे.