मॉप मोजल्याशिवाय पोट बंद नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षेची यादी जाहीर केली, तेव्हाच ती आपल्या रुग्णालयाप्रमाणे बदलून घ्या असेही सांगितले. छोट्या रुग्णालयांनी हा बदल बहुधा केलाच नाही. छापील कागद केसपेपरला जोडला जातो आणि शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच पेनाने सगळ्या चौकटींवर खुणा होतात.

तालुक्याच्या ठिकाणी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आहे असे धरू. ओटीत सर्जन, बाहेरून आलेले भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर आणि फ्लोअर सिस्टर अशी चारच माणसे. यादी मोठ्याने वाचायची ती फ्लोअर सिस्टरने, कारण तिचेच हात मोकळे असतात.

भूल देण्यापूर्वीच्या ‘साइन-इन’मध्ये रुग्णाला स्वतःचे नाव आणि शस्त्रक्रिया सांगू द्यावी. संमतीपत्र, ॲलर्जी, भूलयंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर पाहावा. मूळ यादी ५०० मिलिलिटरहून जास्त रक्तस्रावाची शक्यता विचारते. रक्तपेढी दीड तासावर असेल, तर आपल्या यादीत प्रश्न असा हवा: क्रॉसमॅच केलेली पिशवी आत्ता इमारतीत आहे का? उत्तर नाही असेल, तर नियोजित शस्त्रक्रिया थांबवावी.

छेद घेण्यापूर्वीच्या ‘टाइम-आउट’ला मिनिटभर पुरते. सगळ्यांचे हात थांबलेले असावेत. प्रतिजैविक किती वाजता दिले हे भूलतज्ज्ञांनी सांगावे. ते छेदाआधीच्या ६० मिनिटांत गेलेले असले पाहिजे.

खरी गळती ‘साइन-आउट’ला होते. भूलतज्ज्ञांना पुढच्या रुग्णालयात जायचे असते, सर्जनची ओपीडी खोळंबलेली असते. म्हणून हा टप्पा दोन भागांत करावा. मोजणी पोट बंद करण्याआधी, आणि उरलेले भूलतज्ज्ञ निघण्याआधी: फॉर्मलिनच्या बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचणे, रिकव्हरीत कशावर लक्ष ठेवायचे ते सांगणे.

मोजणी कशी चुकते ते पाहू. समजा, सुरुवातीला दहा मॉप मोजून फळ्यावर लिहिले. मध्ये रक्तस्राव वाढला, आणखी पाच उघडले, पण घाईत ते फळ्यावर चढले नाहीत. शेवटी दहा मोजले गेले आणि फळ्याशी जुळलेही. पाच मात्र कुठेतरी आहेत, आणि त्यातला एखादा पोटात असू शकतो. त्यामुळे पाकीट उघडताक्षणी आकडा लिहायचा, रिकामे पाकीट टेबल साफ होईपर्यंत फेकायचे नाही, आणि मॉप कापून अर्धा वापरायचा नाही. आकडा जुळला नाही तर टाके थांबवून पोट, ड्रेप आणि बादली पुन्हा पाहायची. तरीही मॉप सापडला नाही तर एक्स-रे काढायचा. मात्र मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा नसेल, तर फिल्म स्वच्छ दिसूनही काही सिद्ध होत नाही.

मोजणी चुकली असे सिस्टरने म्हटल्यावर ‘पुन्हा मोजा’ एवढेच सांगून टाके चालू ठेवणारे सर्जन आजही आहेत. त्यांनी सुई खाली ठेवावी, आणि मालक-डॉक्टरांनी सिस्टरला तसे थांबवण्याचा अधिकार लेखी द्यावा.