पुनर्विलोकनाच्या यादीत नाव का येत नाही?

रायपूरला राहून तुरुंग आणि जात या विषयावर संशोधन करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुरुंग इतके भरलेत, कच्चे कैदी सोडायला प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे, मग माणसं सुटत का नाहीत? २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश दलित, आदिवासी आणि ओबीसी.

समिती कागदावर भक्कम आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती प्रत्येक जिल्ह्यात बंधनकारक केली. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, सोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. तुरुंगातून नाव, कलमं आणि अटकेची तारीख येते. त्यातून पात्र कैदी निवडायचे आणि शिफारस करायची. सोडण्याचा अधिकार मात्र समितीला नाही. तो न्यायालयाचा. शिफारशीनंतर अर्ज, सुनावणी, आदेश हे सगळं उरतंच.

पण खरी गळती त्याआधी, निवडीतच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात गेला तर जामीन द्यावा. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडावं. 'शिक्षा न झालेला' हे शब्द लक्षात ठेवा. पूर्वी नुसता आरोप असेल, तर तो माणूस यातून वगळला जात नाही. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही सवलत कायदा लागू होण्याआधीच्या प्रकरणांनाही मिळेल.

आता एक हिशेब करू. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. पहिलटकराने एक वर्ष आत काढलं की तो पात्र. हाच माणूस रात्री घरात शिरून चोरी केल्याच्या आरोपात अडकला, तर पोलीस घरफोडीचं एक आणि घरातल्या चोरीचं दुसरं अशी दोन कलमं लावतात. इथे ४७९चं दुसरं उपकलम आडवं येतं: एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत किंवा प्रकरणांत तपास वा खटला प्रलंबित असेल, तर या कलमाखाली जामीन नाही. एफआयआरमध्ये एकच कलम असलेली प्रकरणं किती असतात? माझ्या मते अर्धा कायदा या एका वाक्याने परत घेतला आहे. नाव यादीतून गळतं आणि सगळ्यांना वाटतं, माणूस पात्रच नव्हता. नेहमीच्या जामिनाची वाट खुली असते, पण ती आठवण करून द्यायला वकील लागतो.

शिवाय फाशी वा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ही सवलतच नाही. बुरकापाल आठवा. एप्रिल २०१७मध्ये सुकमा जिल्ह्यात तिथे सीआरपीएफचे २५ जवान मारले गेले आणि आसपासच्या गावांतले आदिवासी पकडले गेले. जुलै २०२२मध्ये दंतेवाड्याच्या न्यायालयाने १२१ जणांना निर्दोष सोडलं. खुनासारखी कलमं आणि यूएपीए लागल्यावर निम्म्या शिक्षेचा नियम त्यांच्या कामाचा नव्हता. पाच वर्षं गेली ती गेलीच.

नाव यादीत आलं, जामीनही मिळाला, तरी दार उघडेलच असं नाही. छत्तीसगडच्या न्यायालयांत जामीनदार बहुधा जमिनीची ऋणपुस्तिका घेऊन येतो. भूमिहीन मजुराचे नातलगही भूमिहीन असतात. पुस्तिका आणणार कुठून? १९७८मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला होता. न्यायालयाने हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या हमीवर त्याला सोडायला सांगितलं. पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली, जमिनीच्या कागदाचा आग्रह सुटलेला नाही.

आपल्या घरात शिकलेलं माणूस बहुधा एकच असतं, आणि कुणाला अटक झाली की सगळे कागद त्याच्याकडे येतात. अटकेची तारीख, प्रत्येक कलमाची कमाल शिक्षा आणि इतर प्रलंबित प्रकरणं एका कागदावर मांडा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्या. वेळ भरली की न्यायालयात अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे, तेही त्यात लिहा. एक तृतीयांशाच्या सवलतीत कायदा जामीनदाराविना, स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगतो. कुणी जामीनदार मागितला तर तो शब्द वकिलांना दाखवा. जामीन मिळूनही आठवड्यात सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायला हवं, असा २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत जामिनासाठी आर्थिक मदतही मिळू शकते. या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.