तक्रार नोंदवली, वाक्य फेकलं

‘सकाळी पहिली दहा मिनिटं नळाला गटारासारखा वास येतो. मग पाणी बरं येतं, पण तेवढ्यात जातंच.’

एका शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या हेल्पलाइनवर आलेली ही तक्रार. ऑपरेटरने ती टाइप केली, खालच्या पाच पर्यायांतून ‘अनियमित पुरवठा’ निवडलं आणि पुढचा फोन घेतला. महिनाअखेरीच्या अहवालात ती एका लांब निळ्या पट्टीत विरघळून गेली. ही यादी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते बनवणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे पुढचं सगळं स्वतःला वगळून लिहिलेलं नाही.

त्या वाक्यातला सर्वांत मोलाचा भाग ‘पहिली दहा मिनिटं’ हा आहे. पाणी दिवसातून दोन तास सोडलं जातं तिथे उरलेला वेळ नळवाहिनीत दाब नसतो. सांधा किंवा भेग असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं आणि पुरवठा सुरू झाला की आधी तेच घरात येतं. म्हणजे दोष शुद्धीकरण केंद्रात नसून त्या गल्लीतल्या वाहिनीत असण्याची शक्यता मोठी. शिवाय नमुना कधी घ्यायचा हेही त्या वाक्यातच आहे. तासाभराने घेतलेला नमुना स्वच्छ निघू शकतो आणि गल्लीत कावीळ पसरत राहते. ‘अनियमित पुरवठा’ या दोन शब्दांत यातलं काहीच उरत नाही.

‘मग याद्याच बंद करा’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. हजारो वाक्यांची बेरीज होत नाही. कोणत्या वॉर्डात काय वाढतंय हे पाहायचं तर ठरावीक खाने लागतातच, आणि ते थोडेच हवेत. साठ पर्याय दिले तर ऑपरेटर वरचे चार आणि ‘इतर’ एवढेच वापरतो. माझा आक्षेप वेगळा आहे. वर्गीकरण हे कुणीतरी घाईत दिलेलं मत असतं आणि आपण ते मोजमाप असल्यासारखं वापरतो.

शिवाय ते मत निःस्वार्थी नसतं. आमच्या सिस्टिममध्ये ‘दूषित पाणी’ निवडलं की २४ तासांत नमुना घेणं बंधनकारक होई आणि उशीर झाला की वरिष्ठांना संदेश जाई. ‘अनियमित पुरवठा’ मात्र ‘वेळापत्रकानुसार’ एवढा शेरा मारून बंद करता येई. दोन्हींत बसणारी तक्रार कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. याचा दोष मी ऑपरेटरला देत नाही. उतार आम्हीच करून ठेवला होता.

शेवटी एका सहकाऱ्याने आणि मी १०० तक्रारी घेतल्या आणि एकमेकांचं न पाहता त्यांना कोड दिले. प्रश्न एकच ठेवला: ही ‘अनियमित पुरवठा’ आहे की नाही? ८० ठिकाणी आमचं जमलं. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनीही ७० तक्रारी त्याच खान्यात टाकल्या होत्या. त्या प्रमाणात डोळे मिटून कोड दिले असते तरी सुमारे ५८ ठिकाणी जमलंच असतं. योगायोगापलीकडे जमण्याजोग्या ४२ पैकी आम्ही २२ च जमवल्या, म्हणजे ०.५२. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅप्पा’ तो हाच. यादी बनवणाऱ्या दोघांचं इतकंच जमत असेल, तर अहवालातल्या दोन टक्क्यांच्या चढउतारावर बैठका कसल्या घ्यायच्या?

न जुळलेल्या २० तक्रारींपैकी बहुतेकांत वासही होता आणि वेळही. म्हणून नियम लिहिला: वास, रंग, चव किंवा अळ्या यांचा उल्लेख असेल तर बाकी काहीही असो, कोड ‘दूषित पाणी’. दुसरं म्हणजे, बोलणाऱ्याने जे सांगितलं त्याला कोड द्यायचा, आपल्याला सुचलेल्या कारणाला नाही. नव्या १०० तक्रारींवर ९३ ठिकाणी जमलं. खाने पाचच राहिले. अहवालात मात्र ‘दूषित पाणी’ एकदम वर गेलं आणि ‘आकडे बिघडले’ म्हणून आम्हाला बोलावणं आलं. पाणी आधीपासूनच तसं होतं. नियम कधी बदलला ती तारीख आलेखावर छापायला हवी होती, ती आम्ही छापली नव्हती. ही चूक आमची.

पण सर्वांत मोठी चूक वेगळी होती. जागा वाचावी म्हणून मूळ मजकूर ९० दिवसांनी पुसला जाई, फक्त कोड उरे. देवनागरीतलं २०० अक्षरांचं वाक्य साधारण ६०० बाइट घेतं. एक लाख तक्रारी म्हणजे ६० एमबी, मोबाइलवरच्या एका छोट्या व्हिडिओएवढ्या. नाव, फोन नंबर, घरक्रमांक खुशाल काढा, पण वाक्य ठेवा. नवा नियम आम्हाला जुन्या तक्रारींना लावता आला नाही, कारण लावायला वाक्यंच नव्हती. आदल्या पावसाळ्यात किती घरांनी ‘पहिली दहा मिनिटं’ म्हटलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.