जूनमध्ये हाती आलेला पैसा कोणाचा?

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराच्या परिसरातील जुन्या गल्ल्यांमधून हिवाळ्याच्या सकाळी फेरफटका मारला, तर गच्च्यांवर आणि खाटांवर पांढऱ्या वड्यांच्या ओळी वाळताना दिसतात. छत्तीसगढमध्ये कोहळ्याला रखिया म्हणतात. उडदाच्या डाळीत कोहळ्याचा कीस मिसळून केलेली रखिया बडी, कोहळ्याच्या बिया व तीळ घालून केलेली बिजौरी आणि उन्हाळ्यातील पापड हे पदार्थ येथील घराघरांत होतात. भोसलेकाळापासून या शहरात वसलेल्या मराठी कुटुंबांना आपल्या सांडग्यांची आणि कुरडयांची आठवण करून देणारा हा व्यवसाय आहे. अनेक महिलांनी आणि बचत गटांनी त्याला विक्रीचे रूप दिले आहे.

हा व्यवसाय सर्वस्वी उन्हावर चालतो. कोहळा बाजारात मुबलक येऊ लागला की नोव्हेंबरच्या सुमारास वड्यांचे काम सुरू होते आणि मे महिन्याच्या पापडांबरोबर हंगाम संपतो. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येतो. वर्षाच्या सुमारे १,२०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस पुढील चार महिन्यांत पडतो आणि वाळवण थांबते. ऑक्टोबरमध्ये ऊन परतते, पण चांगला पिकलेला कोहळा अजून पुरेसा आलेला नसतो. याचाच अर्थ, सात महिने कमवायचे आणि बारा महिने घर चालवायचे, असे या व्यवसायाचे गणित आहे.

अशा कुटुंबाला सहसा पहिला सल्ला जोडधंद्याचा मिळतो. हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा क्रम चुकतो. जोडधंदा किती मोठा हवा हे ठरण्यापूर्वी तूट किती आहे हे कळावे लागते. आणि तूट कळण्यापूर्वी हंगामाच्या शेवटी हाती येणारा पैसा कोणाचा आहे हे ठरवावे लागते.

एका कुटुंबाचा हिशोब उदाहरणादाखल मांडून पाहावा. यातील आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत. हे कुटुंब दरमहा २०० किलो माल तयार करते आणि सरासरी २४० रुपये किलोने विकते. विक्री ४८,००० रुपयांची होते. त्यासाठी डाळ २०,००० रुपयांची, कोहळा, तीळ, मसाला, दळण व पिशव्या ८,००० रुपयांच्या आणि मदतनिसांची मजुरी ४,००० रुपये, असा ३२,००० रुपये खर्च होतो. उरलेल्या १६,००० रुपयांपैकी घराला १०,००० रुपये लागतात आणि ६,००० रुपये शिल्लक राहतात.

हेच गणित प्रतिकिलो मांडले की अधिक स्पष्ट दिसते. विकल्या गेलेल्या प्रत्येक किलोच्या २४० रुपयांपैकी १६० रुपये पुढच्या घाण्याचे, ५० रुपये घराचे आणि ३० रुपये पावसाळ्याचे आहेत. महिनाअखेरीस जे उरेल ते बाजूला टाकू, असे ठरवणाऱ्या घरात फारसे काही उरत नाही. विक्रीच्या दिवशीच तीन डब्यांत तीन वाटे टाकले, तर ज्या आठवड्यात विक्री कमी त्या आठवड्यात बचतही आपोआप कमी होते आणि कोणताही वाटा दुसऱ्याला खात नाही.

खरी कसोटी जूनमध्ये लागते. हंगाम चालू असताना घाण्याचे पैसे सतत फिरत असतात. मालाचे पैसे आले की त्यांची डाळ येते आणि हाती काहीच राहत नाही. मेअखेरीस मात्र शेवटच्या मालाची विक्री होते, दुकानदारांची उधारी वसूल होते आणि नवी डाळ घ्यायची नसते. त्यामुळे ३२,००० रुपये प्रथमच हातात स्थिर होतात. ते नफ्यासारखे दिसतात, पण तो नफा नव्हे. ते व्यवसायाचे खेळते भांडवल आहे. नेमक्या याच वेळी शाळेचे प्रवेश, घराची शाकारणी आणि शेती असल्यास पेरणी समोर उभी असते. ही रक्कम तेथे खर्च झाली, की ऑक्टोबरमध्ये नव्या उडदाची आवक सुरू होते तेव्हा डाळ घेण्यास पैसा नसतो. मग व्यापाऱ्याकडून डाळ उधार घ्यावी लागते आणि तयार माल त्यालाच त्याच्या भावाने द्यावा लागतो. किलोमागे दहा-वीस रुपये कमी मिळाले, तरी पावसाळ्याचा ३० रुपयांचा वाटा बहुतांशी तेथेच संपतो. धंदा मोडण्याची सुरुवात अशी जूनमध्ये होते. ती उमगते मात्र पुढच्या हिवाळ्यात.

म्हणून ही रक्कम जूनमध्येच ऑक्टोबरपर्यंतच्या मुदत ठेवीत बांधावी. बँकांमध्ये अल्प मुदतीच्याही ठेवी ठेवता येतात. पावसाळ्याच्या वाट्याचे सात महिन्यांत ४२,००० रुपये होतात. त्यांची एकच ठेव न करता पाच ठेवी कराव्यात आणि जून ते ऑक्टोबर दर महिन्याच्या आरंभी एक ठेव मोकळी होईल अशी मुदत ठरवावी. प्रत्येक महिन्याला ८,४०० रुपये मिळतील. घराची गरज १०,००० रुपयांची असल्याने महिन्याची तूट १,६०० रुपये आणि पाच महिन्यांची ८,००० रुपये उरते. जोडधंद्याने भरून काढायची रक्कम एवढीच आहे. हा आकडा हाती आला, की मोठे कर्ज काढून दुसरा व्यवसाय उभारण्याचा मोह आपोआप ओसरतो.

या तुटीचा काही भाग मालच भरून देऊ शकतो. पावसाळ्यात भाज्या महागतात आणि वड्यांना मागणी वाढते. मे महिन्यातील ६० किलो वड्या राखून त्या २७० रुपयांनी विकल्या, तर १,८०० रुपये जास्त मिळतात. या मालात अडकलेल्या १४,४०० रुपयांपैकी ९,६०० रुपये घाण्याचे असल्याने ते ऑक्टोबरपर्यंत लागत नाहीत. उरलेल्या ४,८०० रुपयांची ओढ मात्र मे महिन्यातच सोसावी लागते. यापेक्षा जास्त माल राखला तर घरखर्च अडतो. शिवाय राखायचा माल पूर्ण वाळलेला हवा. वडी मोडताना टणकन आवाज होऊन दोन तुकडे व्हावेत. मध्यभाग वाकत किंवा दबत असेल तर ती ठेवण्याजोगी नाही. माल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावा, उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवावे आणि कुबट वास किंवा तळाशी पीठ दिसताच तो डबा वेगळा काढावा.

आता ६,२०० रुपये उरतात. त्यासाठी रायपूरच्या परिसरात धिंगरी अळिंबी योग्य ठरते. येथे अळिंबीला फुटू म्हणतात आणि पावसाळ्यात रानातील फुटूची लोक वाटच पाहत असतात. त्यामुळे चव नव्याने शिकवावी लागत नाही. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि दमट हवा लागते, म्हणजे वड्यांना जे मारक तेच तिला पोषक. भाताचे तणस, ज्याला येथे पैरा म्हणतात, बारीक कापून रात्रभर भिजवायचे, गरम पाण्यात तासभर निर्जंतुक करायचे, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतके निथळायचे आणि थरांत बियाणे पेरून पिशव्या भरायच्या. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढऱ्या बुरशीने भरते. त्यानंतर आठवडाभरात पहिली तोडणी मिळते आणि दीड महिन्यात एक फेरी संपते.

सावध हिशोब म्हणून कोरड्या तणसाच्या निम्म्या वजनाचेच उत्पादन धरावे. ४० किलो तणसाच्या फेरीतून २० किलो अळिंबी १५० रुपयांनी विकली, तर ३,००० रुपये येतात; १,२०० रुपये खर्च वजा जाता १,८०० रुपये राहतात. जुलैच्या आरंभापासून वीस-वीस दिवसांच्या अंतराने चार फेऱ्या लावल्या, तर ७,२०० रुपये होतात आणि ऑक्टोबरच्या मध्यास खोली वड्यांसाठी मोकळी होते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे: मुख्य धंद्याचे हात अडवणारा जोडधंदा घेऊ नये.

यात अडचणीही आहेत. पिशवीत हिरवा डाग दिसला, तर निर्जंतुकीकरण अपुरे झाले किंवा तणस जास्त ओले राहिले असे समजावे आणि ती पिशवी तत्काळ बाहेर न्यावी. चारपैकी एक फेरी पूर्ण वाया गेली, तर हाती ४,२०० रुपयेच राहतात. दोन हजारांची ही घट घरखर्चातून सोसावी, ऑक्टोबरच्या ठेवीतून नव्हे. जुन्या वस्तीतील लहान घरांत जागेचा प्रश्न अधिक कठीण असतो. अळिंबीच्या खोलीत आर्द्रता राखावी लागते आणि हवेत बीजाणू पसरतात. त्याच खोलीत वड्यांचे डबे ठेवले तर दोन्ही धंदे बिघडतात. वेगळी खोली किंवा आडोसा नसेल तर अळिंबी घेऊ नये. राखीव माल आणि काटकसर यांवरच तो पावसाळा काढावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी येथे आपल्या वेळापत्रकाचा विचार करावयास हवा. अळिंबीचे प्रशिक्षण जुलैत दिले, तर तोवर तणस भिजून काळे पडलेले असते. चांगले, कोरडे, पिवळे तणस भातकापणीनंतर डिसेंबरात मिळते आणि तेव्हाच ते छपराखाली ठेवावे लागते. म्हणून प्रशिक्षण हिवाळ्यात व्हावे आणि बियाण्याची मागणी इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पावसाळ्यापूर्वीच नोंदवावी. बचत गटाच्या कर्जाचे हप्तेही बारा महिने सारखे ठेवण्याऐवजी सात महिन्यांच्या हंगामात बसवून घेण्याचा प्रयत्न करावा.

अवकाळी पावसाने मार्चचा एक महिना बुडाला, तर १६,००० रुपयांची मिळकत जाते आणि अळिंबीच्या चार फेऱ्या ती भरून काढू शकत नाहीत. अशा वर्षी गटाच्या बचतीतून घरासाठी कर्ज घेणे शहाणपणाचे आहे, कारण त्याचा बोजा मोजलेला असतो. घाण्याच्या ३२,००० रुपयांना मात्र त्याही वर्षी हात लावू नये. ते शाबूत असतील तर नोव्हेंबरमध्ये खाटांवर पुन्हा वड्या पडतील आणि कर्ज फिटण्याची वाटही तेथूनच निघेल.