गॅस बंद, भिशी सुरू

भिशीचं गणित सगळ्याजणींना तोंडपाठ असतं. बाराजणी, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, जिची चिठ्ठी निघाली तिला एकरकमी चोवीस हजार आणि तिच्याच घरी पुढची भिशी. या हिशेबात एक गोष्ट कुणी धरत नाही. जिच्या घरी भिशी असते, ती बिचारी भिशीला नसतेच! ती कढईसमोर असते. बाहेर कुणाच्या तरी बॉसचे किस्से रंगात आलेले असतात, हास्याचे फवारे उडत असतात आणि आत ही झाऱ्यानं वडे उलटत ओरडत असते, “एऽ थांबा गं, मी आले की सांगा!” कुणी थांबत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकजणी नोकरीवाल्या. महिन्यातून एकदा, शनिवारी चार ते साडेसहा, एवढाच काय तो निवांत गप्पांचा वेळ. तोही गॅसपाशी गेला तर चोवीस हजार मिळून काय उपयोग? म्हणून माझ्या घरच्या भिशीला माझा एकच नियम असतो. पहिली बेल वाजली की गॅस बंद, तो शेवटची मैत्रीण जाईपर्यंत. मायक्रोवेव्हसुद्धा नाही.

हा नियम पाळायचा म्हटलं की बटाटेवडे, सामोसे, ब्रेडरोल ही आपली नेहमीची त्रिमूर्ती आपोआप बाद होते. तळलेला पदार्थ कुरकुरीत असतो, कारण तळताना त्याच्या बाहेरच्या थरातलं पाणी उडून गेलेलं असतं. आतलं सारण मात्र ओलंच असतं. वडा कढईतून निघाला की आतली वाफ बाहेरच्या थरात शिरायला लागते आणि अर्ध्या-पाऊण तासात वडा मऊ पडतो. गरम राहावा म्हणून डब्यात घालून झाकण लावलंत, तर आणखी लवकर. आणि चारच्या चार पदार्थ तळलेले असले की दुसऱ्या प्लेटला बायका “नको गं, डाएट” म्हणायला लागतात. ते डाएट नसतं. तेलानं तोंड मिटलेलं असतं.

तेव्हा ‘आधी काय करून ठेवता येईल?’ हा प्रश्नच मुळात थोडा चुकीचा आहे. करून तर काहीही ठेवता येतं. विचारायचं ते हे, की थांबल्यामुळे बिघडत नाही असं काय आहे? आणि थांबल्यामुळे उलट सुधारतं असं काय? आपल्या मराठी स्वयंपाकघरात याची उत्तरं आयती आहेत.

पहिला मान दडपे पोह्यांचा. या पदार्थाच्या नावातच थांबणं आहे. पोहे कालवून, वर झाकण आणि वजन ठेवून दडपून ठेवायचे, म्हणजे खोबऱ्याचा, कांद्याचा आणि लिंबाचा ओलावा त्यांत मुरतो. पोहे पातळच हवेत. जाड पोहे एवढ्या ओलाव्यानं मऊ होत नाहीत आणि भिजवले तर त्याचे कांदेपोहे होतात. बाराजणींना, सोबत आणखी दोन पदार्थ असतील तर, तीनशे ग्रॅम पातळ पोहे पुरतात. ते चाळून घ्यायचे, धुवायचे नाहीत. त्यात एका मोठ्या नारळाचा चव, बारीक चिरलेले तीन कांदे, एक काकडी, दोन लिंबांचा रस, मीठ, साखर आणि मूठभर कोथिंबीर. नारळाचं पाणी फेकू नका. तेच हातानं शिंपडायचं, पण एकदम नाही, थोडं थोडं. वरून मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची फोडणी, गार करून. मग पंचवीस-तीस मिनिटं दडपण.

जमलेत का, हे बोटांना कळतं. चिमटीत धरलेला पोहा मऊ लागला पाहिजे, पण शेजाऱ्याला चिकटलेला नको. कोरडे वाटले तर पुन्हा दोन चमचे नारळाचं पाणी. गोळा व्हायला लागले तर मूठभर कोरडे पोहे वरून मिसळून हलक्या हातानं मोकळे करायचे. तळलेले दाणे आणि भाजलेल्या पोह्याच्या पापडाचा चुरा मात्र वेगळ्या घट्ट डब्यात. तो टेबलावर ठेवायचा, जिनं तिनं आपल्या प्लेटमध्ये घालून घ्यायचा. आधी मिसळलात की तोही ओलावा ओढणार आणि सगळाच लगदा. (कांदा न खाणारी कुणी असेल तर तिच्यापुरते पोहे कांदा घालायच्या आधीच बाजूला काढा. नंतर वेचून देणं म्हणजे नुसता उपचार.)

दुसरी सुरळीची वडी. ती मुळात थंडच खायची असते, त्यामुळे गरम करायचा प्रश्नच नाही. लोक तिला उगाच घाबरतात. प्रमाण अगदी सोपं: एक वाटी बेसनाला एक वाटी आंबट ताक आणि दोन वाट्या पाणी. बाराजणींना प्रत्येकी तीन वड्या द्यायच्या तर दीड वाटी बेसन घ्यायचं, पण एकाच वेळी शिजवायचं नाही. दोन घाणे करायचे. कारण हे मिश्रण गरम आहे तोवरच पसरतं. पहिलं ताट सारवून दुसऱ्याकडे वळेपर्यंत कढईतलं घट्ट होऊन बसतं आणि मग कितीही सारवलं तरी थर जाडच येतो.

आलं-मिरची, हळद, हिंग, मीठ घालून गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. आठ-दहा मिनिटांनी चाचणी. थेंबभर मिश्रण ताटाच्या पाठीवर पसरायचं आणि गार होऊ द्यायचं. कड धरून अख्खं सुटून आलं तर झालं. चिकटून फाटलं तर अजून कच्चं आहे, आणखी दोन मिनिटं. सुटणारं मिश्रण मिळालं की उपड्या ताटांवर भराभर पातळ सारवायचं, खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची, पट्ट्या कापायच्या, गुंडाळायच्या. वरून तीळ-मोहरीची फोडणी. हे शनिवारी सकाळी उरकायचं आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये. साडेतीनला बाहेर काढल्या की चारला अगदी बरोबर असतात.

आता तळलेलं अजिबातच नाही म्हटलं तर आमच्याकडे मोर्चा निघेल. म्हणून तिसरी कोथिंबीर वडी. हिची खुबी अशी, की तिचं निम्मं काम आदल्या रात्रीचं आहे आणि ते तसंच असावं लागतं. चार वाट्या चिरलेली कोथिंबीर, धुऊन अगदी कोरडी केलेली. दोन वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, आलं-मिरची, तीळ, हळद, मीठ. मीठ लागल्यावर कोथिंबिरीला पाणी सुटतं, म्हणून वरचं पाणी अगदी हात राखून. वळकट्या करून पंधरा-वीस मिनिटं वाफवायच्या. सुरी खुपसून स्वच्छ बाहेर आली की झालं. गरम असताना कापू नका, भुगा होतो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली वळकटी कशी सुबक कापली जाते बघा! यात चाळीसेक वड्या होतात.

शनिवारी अडीच वाजता त्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. ही वडी आतून आधीच शिजून घट्ट झालेली असते. बटाटेवड्यासारखं ओलं, वाफाळतं सारण तिच्या पोटात नसतं. त्यामुळे चारला ती गरम नसली तरी चांगली लागते. अगदी ताजी कुरकुर राहत नाही हे कबूल, पण चिवटही होत नाही. फक्त तव्यावरून काढल्यावर जाळीवर एकेरी पसरायच्या. एकावर एक रचून झाकलंत की खालच्या ओल्या झाल्याच म्हणून समजा.

प्यायला पीयूष. बारा मध्यम पेल्यांना अर्धा किलो केशर-वेलची श्रीखंड आणि सव्वा लिटर ताजं, गोडसर, पातळ ताक. रवीनं घुसळायचं, चिमूटभर मीठ, जायफळ, आणि साखर चाखूनच. ताक आंबट असेल तर नुसती साखर ओतून काही साधत नाही. पीयूष सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवा, पण ओतण्याआधी पुन्हा घुसळा, कारण दाटपणा तळाशी बसतो. आमच्यातल्या दोघींना साखर चालत नाही. त्यांच्यासाठी तेच ताक जिरं-मीठ घालून वेगळं.

चहाशिवाय मात्र भिशी मोडत नाही. पावणेचारला तो करायचा, गाळायचा आणि थर्मासमध्ये. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं पाच मिनिटं भरून ठेवा, नाहीतर गार काचेला किंवा स्टीललाच पहिली ऊब जाते. चहा नीट गाळलेला हवा. चुकून चमचाभर पत्ती आत गेली तर तासाभरात तो कडू होतो. तासाभरानंतर दुधाच्या चहाची चवही उतरते, म्हणून चहा पाच वाजेपर्यंत फिरवून टाकायचा. त्यानंतर कुणाला हवा असेल तर पीयूष आहे.

वेळेचा हिशेब तेवढा सांगते. शुक्रवारी रात्री नारळ खवणं आणि वळकट्या वाफवणं. शनिवारी सकाळी सुरळीच्या वड्या आणि पीयूष. अडीचला तवा. पोह्यांची फोडणी त्याच वेळी करून गार होऊ द्यायची, सव्वातीनला पोहे कालवायचे. शेवटी चहा. चारला दहा कमी असताना मी साडी नेसलेली असते, हे आमच्या भिशीत अजूनही काहीजणींना खरं वाटत नाही.

एक पथ्य मात्र कडक. ओलं खोबरं आणि ताक असलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. मे महिन्यात तर एक तासच. त्यामुळे सगळं एकदम टेबलावर मांडायचं नाही. सुरळीच्या वड्या निम्म्या बाहेर, निम्म्या फ्रीजमध्ये. पहिली बशी संपली की दुसरी. उठावं लागतं, पण ते फ्रीजपर्यंतच आणि दार उघडं ठेवून गप्पा ऐकू येतात.

उरलंच काही, तर दडपे पोहे त्याच रात्री संपवा, सकाळी कांद्याचा वास मारतो. सुरळीच्या वड्याही रात्रीच. कोथिंबीर वड्या पिशवीत भरून कुणाला देऊ नका. सगळ्या तव्यावर परतल्याच पाहिजेत असं नाही. एक वळकटी न कापता तशीच फ्रीजमध्ये ठेवली, की सोमवारच्या ऑफिसच्या डब्याचं काम झालेलं असतं.